वजा 4 कुठून आला?

प्रश्न: सर, मी बारावीला आहे, नाशिकरोडला राहतो. क्लासच्या टेस्टमध्ये lim(h→0) [(32+h)^(2/5) − 4]/h काढायला होतं. मी पाचवं मूळ t धरून अवयव पाडत बसलो. पाऊण पान गेलं आणि उत्तर आलं 1/20. शेजारच्याने एका ओळीत 1/20 लिहून टाकलं. म्हणतो, "हे डेरिव्हेटिव्हच आहे की." ते बघताक्षणी कसं ओळखायचं? आणि असं लिहिलेलं चालतं का, की एल-हॉस्पिटल लावायचा?

उत्तर:

सगळी मेख त्या वजा 4 मध्ये आहे.

अंशात (32+h)^(2/5) आहे आणि त्यातून 4 वजा केलाय. 4 च का? 3 का नाही, 5 का नाही? h च्या जागी 0 ठेवून बघ. उरतं 32^(2/5). 32 चं पाचवं मूळ 2, त्याचा वर्ग 4. म्हणजे पेपर काढणाऱ्याने 4 हवेतून आणलेला नाही. त्याच्या कागदावर आधी 32^(2/5) होतं, त्याने त्याची किंमत काढून लिहिली आणि माग पुसून टाकला. तुझं काम एवढंच, की पुसलेलं परत लिहायचं:

lim(h→0) [(32+h)^(2/5) − 32^(2/5)]/h

आता हे मोठ्याने वाच. "बत्तीस अधिक h चा दोन-पंचमांश घात, वजा बत्तीसचा दोन-पंचमांश घात, भागिले h." दोन्हीकडे क्रिया एकच आहे, दोन-पंचमांश घात घेण्याची. एकदा ती 32+h वर केली, एकदा 32 वर. त्या क्रियेला f म्हण, f(x) = x^(2/5), आणि 32 ला a म्हण. मग समोर उभं आहे ते [f(a+h) − f(a)]/h चं लिमिट, म्हणजे डेरिव्हेटिव्हची व्याख्या. हे लिमिट f'(32) आहे. f'(x) = (2/5)·x^(−3/5). 32^(3/5) म्हणजे 2 चा घन, 8. म्हणून उत्तर (2/5)·(1/8) = 1/20. शेजाऱ्याने डोक्यात केलं ते हे.

इथे एक चूक दरवर्षी माझ्या फळ्यावर कुणीतरी करून दाखवतंच. f ओळखतात बरोबर, f' काढतात बरोबर, आणि शेवटी f' मध्ये x = 0 ठेवतात, कारण प्रश्नात h→0 लिहिलेलं असतं. मग खाली शून्याचा घात येतो, उत्तर अनंत येतं, आणि पोरगं माझ्याकडे बघत राहतं. शून्याकडे जातोय तो h, म्हणजे 32 पासूनचं अंतर. आपण उभे आहोत 32 वर. किंमत ठेवायची ती उभं राहायच्या जागेची.

तू कधी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेला असशील तर इगतपुरीनंतर गाडी कसाऱ्याकडे घाटातून उतरते. त्या थळ घाटातला रेल्वेमार्गाचा सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर उंची. तुझ्या गणितातला अंश म्हणजे चढलेली उंची आणि h म्हणजे पुढे गेलेलं अंतर. h लहान करत नेलं की 32 या ठिकाणचा चढ मिळतो, आणि तो आला 20 ला 1. म्हणजे तुझा x^(2/5) चा आलेख 32 पाशी घाटापेक्षाही जास्त खडा आहे, जरी कागदावर तो जवळजवळ सपाट दिसत असला तरी. घरी कॅल्क्युलेटर असेल तर h = 0.01 ठेवून पडताळा घे. 32.01 चा 0.4 घात, वजा 4, भागिले 0.01. येतं 0.049995 च्या आसपास, आणि 1/20 म्हणजे 0.05. उत्तराबद्दल शंका आली की ही परीक्षा मी स्वतःही घेतो.

आता तुला थोडं चिडवतो. हे तू अकरावीतच केलेलं आहेस. lim(x→a) (x^n − a^n)/(x − a) = n·a^(n−1) हे सूत्र पाठ आहे ना? तुझ्या गणितात 32+h ला x म्हण. h म्हणजे मग x − 32, आणि h→0 म्हणजे x→32. झालं, n = 2/5 आणि a = 32 ठेवून तेच 1/20. आणि त्या सूत्राची उजवी बाजू नीट बघ. n·a^(n−1) म्हणजे x^n चं a या बिंदूपाशी डेरिव्हेटिव्ह. अकरावीत लिमिटचा धडा आधी येतो, डेरिव्हेटिव्हचा नंतर. त्यामुळे हे सूत्र डेरिव्हेटिव्ह आहे हे सांगायची सोय तेव्हा नसते, आणि नंतर सांगायचं राहून जातं. त्याच यादीतलं (e^x − 1)/x चं लिमिट 1. यातला वजा 1 कोण? e^0. म्हणजे e^x चं 0 पाशी डेरिव्हेटिव्ह. (a^x − 1)/x चं log a येतं ते a^x चं 0 पाशी. log(1+x)/x चं 1 येतं ते log चं 1 पाशी. वेगवेगळी म्हणून पाठ केलेली ती यादी बरीचशी एकाच वाक्याच्या निरनिराळ्या प्रती आहेत.

त्या शेवटच्यात मात्र वजा काहीच दिसत नाही. log(1+x) मधून कुणी काही वजा केलेलं नाही. मग डेरिव्हेटिव्ह कसं? कारण log 1 शून्य आहे, आणि वजा शून्य कुणी लिहीत नाही. ओळखायला सर्वांत अवघड गणितं हीच, ज्यांत f(a) शून्य असल्यामुळे ते पानावर असतंच नाही. एक उदाहरण घे:

lim(x→π/2) cos x/(x − π/2)

बहुतेक जण इथे x = π/2 + t ठेवतात, cos चं −sin t करतात, मग sin t/t लावतात. उत्तर बरोबर येतं, पण दीड मिनिट जातं. सीईटीला गणिताचे 50 प्रश्न आणि 90 मिनिटं. एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. त्यापेक्षा छेदाकडे बघ. x − π/2 म्हणजे उभं राहायची जागा π/2. cos(π/2) किती? शून्य. म्हणजे अंशात न लिहिलेलं वजा cos(π/2) आहे. म्हणून हे cos चं π/2 पाशी डेरिव्हेटिव्ह, −sin(π/2) = −1. तेव्हा सवय अशी लाव, की आधी छेद बघायचा, त्यातून जागा काढायची, आणि ती अंशात ठेवून शून्य येतंय का ते पाहायचं.

ही युक्ती खरी कामाला कधी येते, तर जिथे अवयव पाडणं आणि रॅशनलाइज करणं दोन्ही हात टेकतात तिथे. हे बघ:

lim(x→2) (x^x − 4)/(x − 2)

x^x चे अवयव काय पाडणार? पायाही हलतोय आणि घातही हलतोय, त्यामुळे अकरावीच्या यादीतलं एकही सूत्र सरळ लागत नाही. पण 2 चा 2 वा घात 4 आहे, म्हणजे वजा 4 जागेवर आहे. मग हे x^x चं 2 पाशी डेरिव्हेटिव्ह. बारावीत लॉग घेऊन डेरिव्हेटिव्ह काढायला शिकलास, तिथे x^x चं x^x(1 + log x) येतं. 2 ठेव: 4(1 + log 2), साधारण 6.77. पडताळ्यासाठी x = 2.001 ठेवलं तर 6.78 च्या जवळ येतं. लिमिटच्या धड्यातलं गणित विकलनाच्या धड्यातल्या सूत्राने सुटलं. मुलांना अडतं ते इथेच, कारण त्यांच्या वहीत हे दोन धडे दोन वेगळ्या कप्प्यांत असतात.

परीक्षेत यापुढची पायरीही येते. समजा f बद्दल काहीच दिलेलं नाही, फक्त f(3) = 5 आणि f'(3) = 2, आणि विचारलंय:

lim(x→3) [x·f(3) − 3·f(x)]/(x − 3)

इथे नेहमीची पद्धत म्हणजे अंशात 3·f(3) मिळवायचा आणि वजा करायचा. ते जमतं, पण कुठे काय मिळवायचं हे सुचायला लागतं. मी मुलांना सांगतो, अंशाचे तुकडेच करू नका. अख्ख्या अंशाला एक नाव द्या. F(x) = 5x − 3f(x). F(3) = 15 − 15 = 0. छेद x − 3. म्हणजे हे F'(3) आहे. F'(x) = 5 − 3f'(x), आणि 3 ठेवून 5 − 6 = −1. संपलं.

हे गणित मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण यातून नियमच उघडा पडतो. छेदात x − a एकच वेळा असेल आणि a ठेवल्यावर अंश शून्य होत असेल, तर अख्खा अंश हेच ते फंक्शन, आणि लिमिट म्हणजे त्याचं a पाशी डेरिव्हेटिव्ह, अर्थात ते तिथे असेल तर. तुझ्या गणितात 4 शोधायला लावला तो याच तपासणीचा भाग होता. f ला x^(2/5) म्हटलंस काय आणि x^(2/5) − 4 म्हटलंस काय, स्थिर संख्येचं डेरिव्हेटिव्ह शून्यच असल्यामुळे उत्तर बदलत नाही.

आता फसतं कुठे ते. तुझ्याच गणितात h च्या जागी 3h आला तर? lim(h→0) [(32+3h)^(2/5) − 4]/h. वजा 4 जागेवर आहे, म्हणून घाईत 1/20 लिहून मोकळे होणारे खूप. पण आत सरकलास 3h आणि भागलंस h ने. चढ काढताना जेवढं चाललास तेवढ्यानेच भागायला हवं. छेदात 3h करून बाहेर 3 ने गुणलं की उत्तर 3/20. पर्यायांत 1/20 आणि 3/20 दोन्ही असणार, याची खात्री बाळग.

दोन्ही बाजूंनी सरकलेलं रूपही येतं, [f(a+h) − f(a−h)]/h, आणि त्याचं उत्तर 2f'(a). इथे मात्र a पाशी डेरिव्हेटिव्ह आहे हे आधी माहीत पाहिजे. f(x) = |x| आणि a = 0 घे. |h| − |−h| शून्य, म्हणून लिमिट बिनबोभाट शून्य येतं. पण |x| ला 0 पाशी टोक आहे, तिथे डेरिव्हेटिव्ह नाहीच. लिमिट मिळालं म्हणून डेरिव्हेटिव्ह आहे असा उलटा निष्कर्ष या रूपातून काढता येत नाही. मधला f(a) गायब झालाय ना, त्याची ही किंमत.

वजा 4 च्या जागी वजा 3 असता तर? मग h शून्याकडे जाताना अंश 1 कडे जातो, छेद 0 कडे. उजवीकडून अधिक अनंत, डावीकडून वजा अनंत, लिमिट नाही. सूत्राच्या नादात तिथेही 1/20 लिहिणारे मी पाहिलेत, म्हणून अंश शून्य होतो का ही तपासणी सोडू नकोस. आणि छेदात h² असेल, समजा (1 − cos h)/h², तर ही युक्ती तिथे थांबते. डेरिव्हेटिव्ह तुला (1 − cos h)/h चं लिमिट 0 आहे एवढं सांगेल, पुढे अजून एका h ने भागल्यावर काय उरतं ते सांगणार नाही. तिथे अर्ध्या कोनाचं सूत्र काढ, उत्तर 1/2.

राहिला तुझा एल-हॉस्पिटल. (नाव फ्रेंच आहे, खरा उच्चार लोपिताल, पण नाशिकमध्ये मी तो करून पाहिला तेव्हा वर्गात कुणालाच कळलं नाही.) छेद x − a असताना तो नियम लावलास तर छेदाचं डेरिव्हेटिव्ह 1, अंशाचं F'(x), मग लिमिट घेऊन F'(a). म्हणजे नेहमीच्या गणितात उत्तर तेच. फरक असा, की लोपितालला a च्या आजूबाजूलाही F' लागतं आणि x→a होताना F'(x) चं लिमिटही असावं लागतं. व्याख्येला फक्त a पाशीच्या डेरिव्हेटिव्हशी देणंघेणं. F(x) = x²·sin(1/x), आणि F(0) = 0 मानलेलं, हे घे. F(x)/x म्हणजे x·sin(1/x), त्याचं 0 पाशी लिमिट 0, म्हणून F'(0) = 0. पण 0 सोडून इतरत्र F'(x) = 2x·sin(1/x) − cos(1/x), आणि तो cos(1/x) 0 जवळ वरखाली होत राहतो, कुठेच स्थिरावत नाही. लोपितालने गेलास तर "लिमिट नाही" असं वाटून परत येशील, जेव्हा लिमिट सरळसरळ 0 आहे. अशा वेळी नियम खोटा ठरत नाही, तो फक्त लागू होत नाही.

आणि एका ठिकाणी दोन्ही मार्ग गोल फिरवतात. sin h/h चं लिमिट विचारलं आणि तू "sin चं 0 पाशी डेरिव्हेटिव्ह, cos 0, म्हणजे 1" लिहिलंस, तर किंमत बरोबर. पण sin चं डेरिव्हेटिव्ह cos आहे हे सिद्ध करताना आपण हेच sin h/h वापरलेलं असतं. पर्यायांतून निवडायचं असेल तर बिनधास्त वापर. "सिद्ध करा" म्हटलं असेल तर ते चालणार नाही, तिथे वर्तुळाच्या क्षेत्रफळांची तुलना करूनच जावं लागतं. तसंच "व्याख्येवरून x^(2/5) चं डेरिव्हेटिव्ह काढा" असा प्रश्न असेल तर व्याख्येतलं लिमिट डेरिव्हेटिव्हच्या सूत्राने सोडवणं म्हणजे उत्तर आधीच गृहीत धरणं. तिथे तुझं पाऊण पानच लिहायचं. t = (32+h)^(1/5) धरून (t² − 4)/(t⁵ − 32), मग t − 2 छाटून 4/80. ते उत्तम काम होतं, खोडू नकोस.

लेखी पेपरात नुसतं 1/20 लिहू नकोस, तपासणाऱ्याला ते कुठून आलं दिसत नाही. एवढं लिही:

f(x) = x^(2/5) मानू, f(32) = 4.
दिलेलं लिमिट = lim(h→0) [f(32+h) − f(32)]/h = f'(32).
f'(x) = (2/5)·x^(−3/5), म्हणून f'(32) = 1/20.

यातली f(32) = 4 ही किंमत गाळू नकोस. तू वजा 4 ओळखलास हे तपासणाऱ्याला कळायची पानावर तेवढीच जागा आहे.